दोन किलोच्या केकची सोडत

नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आज वळत नाहीत. कशापायी, तर फुकटच्या केकपायी. कोणाला सांगितलं तर हसतात. हसा बापडे.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या बेकरीला वर्ष होणार होतं, म्हणून दुकानाच्या पेजवर स्पर्धा मीच टाकली. 'दोन किलोचा चॉकलेट केक जिंका. आमचं पेज फॉलो करा. ही पोस्ट लाइक करा. खाली कमेंटमध्ये दोन मित्रांना टॅग करा. एका अकाउंटची एकच चिठ्ठी. शनिवारी रात्रीपर्यंत भाग घ्या. रविवारी संध्याकाळी सहा वाजता दुकानातून लाइव्ह सोडत. विजेत्याने केक दुकानातून न्यावा.' शाळेतल्या पोराला कळेल इतकं सोपं.

पण आमच्या भागातल्या भाऊंच्या पोरांना ते कळलं नाही. भाऊ म्हणजे चौकात ज्याचे फ्लेक्स लागतात तो. रविवारीच त्याचा वाढदिवस. पोरांनी आपापल्या अकाउंटवरून कमेंटी टाकल्या आणि प्रत्येकाने टॅग केलं ते भाऊला. त्यांचा समज असा, की ज्याला जास्त टॅग, त्याचा केक. वर स्टेटसही ठेवलं, 'भाऊचा केक फिक्स.' मी वाचलं आणि म्हटलं, ठेवा, तुमच्या स्टेटसला कोण विचारतंय.

रविवारी सगळ्या कमेंट करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या. फोन स्टँडवर लावला, लाइव्ह सुरू केलं आणि पाव न्यायला आलेल्या एका आजींना चिठ्ठी काढायला लावली. नाव निघालं समोरच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याचं. तो रस्ता ओलांडून धावतच आला, कडेवर लेक. दुसऱ्या दिवशी तिला पाच वर्षं पुरी होणार होती. नवऱ्याने क्रीमचा कोन घेतला आणि केकवर तिचं नाव लिहायला लागला. तीन अक्षरांचं नाव. ती कडेवरून उतरून टाचा उंचावून बघत होती.

दोन अक्षरं झाली आणि सहा-सात जण आत घुसले. एकाच्या हातात कोयता, त्याला लाल रिबीन बांधलेली. भाऊ त्यानेच केक कापणार होता म्हणे.

"केक भाऊचा आहे. पुन्हा चिठ्ठी काढ," तो म्हणाला.

"चिठ्ठी निघाली. केक या पोरीचा," मी म्हणाले. माझं डोकं आधीच तापलेलं. "बाहेर हो."

त्याने कोयत्याची मूठ काउंटरच्या काचेवर घातली. काच खाली आली. दुसऱ्याने बिस्किटांच्या बरण्या एकेक करून फरशीवर आपटल्या. आजी भिंतीला चिकटल्या. मी हाताला लागला तो केकचा रिकामा टिन उचलला आणि एकाच्या तोंडावर हाणला. त्याचं नाक फुटलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्याने माझे केस धरून मला फ्रीजवर आपटलं.

रिक्षावाला लेकीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसला होता. "द्या त्यांना, ताई," तो म्हणाला. "आम्हाला नको केक."

कोयतेवाला केककडे वळला. नवऱ्याने केकवर हात आडवा घातला. बस, एवढंच. कोयता त्या हातावर बसला.

कोन खाली पडला आणि पांढऱ्या क्रीमवर रक्त सांडलं. मग कोणीतरी ओरडलं, "फोन चालू आहे रे." स्टँडवरचा माझा फोन तसाच उभा होता, लाइव्ह चालूच. पळाले सगळे. पळून जाणार कुठे? आमच्याच पोस्टखाली स्वतःच्या नावानिशी, फोटोसकट कमेंटी टाकून बसले होते. पोलिसांना हुडकायला फार कष्ट पडले नाहीत.

पण ते नंतर. तेव्हा मी त्या रिक्षावाल्यावरच धावून गेले. "नको म्हणता? माझ्या माणसाचा हात तुटला, आणि आता केक नको म्हणता?" त्याने लेकीला बाजूला उभं केलं. नवऱ्याच्या हाताभोवती स्वतःचा खाकी शर्ट गुंडाळला आणि त्याला उचलून रिक्षात घातलं. केक मी खोक्यात भरला आणि पोरीच्या मांडीवर ठेवला.

सिव्हिलपर्यंत तो हॉर्नवरचा हात काढेना. शर्टातून रक्त ठिबकत होतं. पोरगी वाकून खोक्यात बघत होती.

"काका, एक अक्षर राहिलं," ती म्हणाली.

"उद्या लिहितो हं," नवरा म्हणाला.

टाके पडले, पण बोटांच्या नसा गेल्या त्या गेल्याच. कोन दाबता येत नाही. आता केकवरची नावं मी लिहिते, वाकडीतिकडी, आणि लिहिताना त्या मेल्यांना शिव्या घालते.

रिक्षावाला दर वर्षी लेकीचा केक आमच्याकडूनच नेतो. त्या दिवशी नवरा मला बाजूला सारतो. पहिली दोन अक्षरं डाव्या हाताने लिहितो, त्याला बराच वेळ लागतो. मग कोन तिच्या हातात देतो. तिसरं अक्षर ती लिहिते.