आम्ही लिंपलेलं तळं

इकडे उत्तरेत, अलीगंजच्या आमच्या घरामागे अंगण आहे. परवा जावयाने तिथे सगळीकडे फरशी घालायचं काढलं, तेव्हा माझ्या नातीने विचारलं, "नानी, फिर बारिश का पानी नीचे कैसे जाएगा?" शाळेत नुकतंच शिकली होती. मला हा धडा शाळेत नाही, गावात मिळाला, आणि तोही चिखल तुडवून.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक तळं होतं. पावसाळ्यात भरायचं आणि दिवाळीनंतर आटायचं. वडिलांना ते सहन व्हायचं नाही. तळ गळका आहे, असं त्यांनी ठरवलं आणि एका उन्हाळ्यात सगळ्या गावाला कामाला लावलं. तळात काळी चिकण माती पसरली, पाणी शिंपडलं आणि आम्ही पोरांनी ती नाचून नाचून तुडवली. इतकी मजा मला पुन्हा कधी आली नाही.

त्या वर्षी तळं संक्रांतीपर्यंत काठोकाठ होतं. वडील रोज ते बघून यायचे आणि ताठ मानेने घरी परतायचे. फाल्गुनात मात्र तळ्याच्या खालच्या बाजूची आमची विहीर खडखडीत कोरडी झाली. तळ्यात गुरं बसायची, ते पाणी पिणार कोण? आईने पोहऱ्याच्या दोराला आणखी एक तुकडा जोडला, तोही पुरेना. मग ती डोक्यावर हंडे घेऊन शेजारच्या वाडीला जाऊ लागली. ती वडिलांशी बोलायचीही बंद झाली.

शेवटी ही विहीर ज्याने खोदली होती, त्या म्हाताऱ्या गवंड्याला वडिलांनी बोलावलं. तो आत उतरला आणि तळ्याच्या बाजूच्या खडकातल्या भेगेवरून हात फिरवत बसला. पूर्वी तिथून झरा यायचा. आता ती भेग कोरडी होती. वर येऊन तो म्हणाला, "तळं गळत नव्हतं, दादा. विहिरीला पाणी पाजत होतं."

मग त्याने आम्हा पोरांना समजावलं. तळ्यातलं पाणी मातीतून मुरमात उतरतं, मुरमातून खडकाच्या भेगांत, आणि हळूहळू सरकत महिन्यांनी विहिरीत येतं. चिकण मातीतून ते जवळजवळ जातच नाही. तुडवून आम्ही त्याची वाटच बंद केली होती.

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तळ्याच्या उघड्या पडलेल्या काठावर पहिली कुदळ वडिलांनीच मारली. उन्हाळाभर, पाणी आटेल तसतशी माती उपसली. पुढच्या वर्षी तळं पुन्हा दिवाळीनंतर आटलं आणि या वेळी कोणी कुरकुर केली नाही.

चैत्र आला तरी विहिरीत पाणी होतं. आईने दोराला जोडलेला तुकडा सोडला आणि वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो मरेपर्यंत उशाशी ठेवला.

नातीला मी हे सांगत होते, ते ऐकून जावयाने फरशीवाल्याला परत पाठवलं.