माळ्यावरचे नवे टायर

मुलुंडच्या दिगंबर घाडीचं टायरचं दुकान तीस वर्षांचं. गिऱ्हाईक जोडण्यापेक्षा त्याची चेष्टा करण्यातच त्याला जास्त रस. परवा राणेकाका दोन टायर चादरीत गुंडाळून घेऊन आले. सकाळी नातवंडांना घेऊन कणकवलीला निघायचं होतं.

"हे पुढे बसव. एकदम कोरे! सेलमध्ये घेतलेले, चांगल्या वेळेसाठी माळ्यावर जपून ठेवले होते."

नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा झडले नव्हते. दिगंबरने चष्मा लावला, बाजूवरची अक्षरा-आकड्यांची लांबलचक ओळ चाचपली आणि शेवटचे चार आकडे मोठ्यांदा वाचले.

"तीन-दोन-एक-तीन. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन हजार तेराचा बत्तिसावा आठवडा! काका, तेव्हा तुम्हाला नातू तरी होता का?"

"अरे, पण एक किलोमीटर धावले नाहीत!"

"म्हणून काय झालं? रबर बसल्या जागीही म्हातारं होतं. हे बघा." त्याने अंगठ्याने टायर दाबला, तशा खाचेत बारीक भेगा उघडल्या. "कडक झालंय. हायवेला तापलं की थर सुटतील नाहीतर फुटेल. मी नाय बसवणार."

गाडीत नातवंडं बसणार होती. मग काकांनी दुकानातल्या नव्या टायरांचे आकडे स्वतः वाचले, यंदाचेच आहेत याची खात्री केली, आणि तेच बसवून घेतले.

जुने कुणी वापरू नयेत म्हणून दिगंबरने ते कापले. काका चादर घडी करायला लागले.

"ती ठेवा इथंच," दिगंबर म्हणाला. "नाहीतर आता तिच्यात स्टेपनी गुंडाळून जपाल!"