पूर्तता तक्ता आणि फ्रेममधला परवाना

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. लोहाऱ्यातल्या एका शाळेत मी अख्खी नोकरी लिपिक म्हणून काढली. रजेच्या अर्जातला ताप खरा की खोटा, हे अक्षर बघून ओळखायची सवय लागली आणि निवृत्तीनंतरही ती गेली नाही. म्हणूनच आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी मला टेंडरचे कागद तपासायला बोलावलं.

गावातल्या मुलींच्या वसतिगृहाला दोन वेळचं जेवण पुरवायचं टेंडर निघालं होतं. आमचा गट मला धरून आठ बायकांचा. लग्नाकार्याच्या ऑर्डरी घ्यायचा, पण त्या हंगामापुरत्या. हे काम मिळालं असतं तर आठही घरांत वर्षभर हक्काचं काम आलं असतं. दोघींनी तर दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणं आताच सोडून दिलं होतं. त्यांना मी घाई करू नका म्हटलं, पण मनातून मलाही ते हवं होतं.

टेंडर ऑनलाइन भरायचं होतं. तहसीलच्या रस्त्यावर ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक गृहस्थ आहेत, केस पिकलेले, बोलायला मऊ. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी आमच्यासाठी प्रस्ताव तयार करून दिला आणि मी तो लाल पेन घेऊन वाचायला बसले. एका बाजूला टेंडरच्या अटी, दुसऱ्या बाजूला आमची उत्तरं. तिसऱ्याच पानावर माझं डोकं फिरलं. आमच्या हमीपत्रात स्वयंपाकघराचा पत्ता कळंबचा होता.

"भाऊ, आमचं स्वयंपाकघर कळंबला कधी गेलं?"

"जुन्या फाइलीवरनं केलं ताई. ऱ्हायलं बदलायचं. आत्ता करतो की."

"ती जुनी फाइल कुणाची?"

"आत्ता जे जेवण देतात ना वसतिगृहाला, त्यांची. त्यांच्या कळंबच्या कामाची. त्यांचं बी मीच भरतो. तालुक्यातलं निम्मं मीच भरतो."

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आमच्या विरुद्ध उभा असलेला ठेकेदार आणि आम्ही, दोघांचे कागद एकाच माणसाच्या हातात! हा मुद्दाम काहीतरी गाळणार, अशी माझी खात्रीच झाली. घरी येऊन मी एक पूर्तता तक्ता आखला. अट, तिचं उत्तर, पुरावा कुठल्या पानावर. आणि एकेक अट धरून बसले.

निघालंही बरंच. पाण्याच्या तपासणीचा अहवाल अनिवार्य होता, तो जोडलेलाच नव्हता. काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र होतं, पण त्यावर नोटरीचा शिक्का नव्हता. आणि मोघम वाक्यं तर काय विचारता! टेंडरनं विचारलं होतं, गाडी बिघडली तर पर्यायी व्यवस्था कोणती आणि किती वेळात. उत्तर होतं, 'आवश्यकतेनुसार तातडीनं योग्य ती व्यवस्था केली जाईल.' योग्य ती म्हणजे कोणती? तातडीनं म्हणजे मुलींच्या पोटात कावळे ओरडायच्या आधी की नंतर? स्वयंपाकी किती, विचारलं तर 'पुरेसे व अनुभवी'. असल्या शब्दांना गुण मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत.

मी सगळं बदलून घेतलं. दुसऱ्या टेम्पोचा नंबर, मालकाचं संमतिपत्र आणि 'एका तासात' असं स्पष्ट लिहिलं. चार स्वयंपाकिणींची नावं आणि त्यांचे वैद्यकीय दाखले जोडले. पाण्याचा नमुना घेऊन मी स्वतः एसटीनं धाराशिवला गेले आणि अहवाल आणला. 'अस्पष्ट कागदपत्र सादर केलेलं नाही असं समजलं जाईल,' या अटीखाली मी दोनदा लाल रेघ मारली आणि ती भाऊंच्या टेबलावर बोट आपटून वाचून दाखवली.

"व्हय ताई, म्हाईत हाय," ते म्हणाले. मला त्यांचा तो शांतपणाच खटकत होता.

शेवटच्या दिवशी दुपारी तीनला मुदत संपत होती. आम्ही बारालाच दुकानात हजर. अध्यक्षबाईंची सही ऑनलाइन लागणार होती, म्हणून त्याही होत्या. एकच कागद चढवायचा राहिला होता, अन्न परवान्याचा. तो आणायची जबाबदारी माझी होती. आमच्या गटाचा परवाना मिळाला तेव्हा आम्ही तो काचेच्या फ्रेममध्ये घालून स्वयंपाकघरात देवाशेजारी लावला. दसऱ्याला झारे, पातेली आणि शेगडीबरोबर त्याचीही पूजा होते. मी फ्रेम तशीच पिशवीत घालून आणली. भाऊंनी फोटो काढला, पडद्यावर मोठा केला.

"ताई, खालची ओळ फ्रेमच्या पट्टीखाली गेलीय. मुदत कवापर्यंत हाय ते दिसत न्हाय. फ्रेम खोला, कागद भाईर काढू, मंग स्कॅन करतो."

"गटाचं नाव दिसतंय, नंबर दिसतोय. आणखी काय पाहिजे?"

"मुदत बी लागंल. दहा मिनटांचं काम हाय."

अध्यक्षबाई माझ्याकडे बघायला लागल्या. दीड वाजला होता. फ्रेमच्या पाठीला खिळे होते, वर जाड चिकटपट्टी. मला वाटलं, आता हा खिळे काढत बसणार, मग लाइट जाणार, मग साइट बंद पडणार, आणि तीन वाजतील. त्याचा जुना ठेकेदार घरी बसून मिशीला पीळ देत असणार. शिवाय पूजेची वस्तू याच्या हातात द्यायची?

"फ्रेम खोलायची नाही," मी म्हणाले. "आहे तसं चढवा. तुमची वेळकाढूपणाची सगळी नाटकं मला कळतात."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद चढवला. मी तक्त्यात परवान्यापुढे लाल टिक केली. सगळ्या तक्त्यात एवढा एकच कागद मी स्वतः शेवटपर्यंत वाचला नव्हता. रोज नजरेसमोर असलेला आपलाच कागद, त्यात काय तपासायचं?

आधी तांत्रिक लिफाफा, म्हणजे नुसत्या कागदपत्रांचा, उघडला आणि आम्ही अपात्र ठरलो. कारण एकाच ओळीत होतं: अन्न परवान्याची मुदत दिसत नाही. आमच्या दराचा लिफाफा उघडलाच नाही.

संध्याकाळी सगळ्या स्वयंपाकघरात जमल्या. ज्या दोघींनी रोजानं जाणं सोडलं होतं, त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाकीच्या भाऊंवर तुटून पडल्या.

"त्यानंच घात केला. पैसं खाल्लं आसतील तिकडून."

"उद्या दुकानावर जाऊ समद्या. इचारू त्याला चारचौघांत."

"ताई, तुमी तर पैल्या दिवसापासनं म्हणत व्हता."

सगळ्यांनी दुजोऱ्यासाठी माझ्याकडे पाहिलं. आणि खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते सोयीचंच वाटलं. अध्यक्षबाईंनी दुकानात सगळं ऐकलं होतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला लाज वाटली.

"त्यांनी फ्रेम खोला म्हणून सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं. मीच नको म्हटलं. उलट त्यांनाच लबाड ठरवलं."

अध्यक्षबाई उठल्या. भिंतीवरची फ्रेम त्यांनी काढली, पालथी घातली आणि सांडशीनं एकेक खिळा उपटला. कागद बाहेर काढून त्यांनी कडेचा घडीचा भाग सरळ केला. काम सुरू झालं असतं तर अख्खं वर्ष पुरली असती, एवढी परवान्याची मुदत शिल्लक होती.

त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला.

"आता वाचा ताई," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा. समद्यांना ऐकू जाऊ द्या."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि त्या सातजणींसमोर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.