पहिला खेळ चाळीत

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीला हुसकावणाऱ्या बिल्डरवर अक्षता तांबेने फिल्म केली. एक ओटीटी प्लॅटफॉर्म ती विकत घ्यायला तयार होता, पण फुकट ऑनलाइन टाकली तर घेणार नव्हता. त्याचा करार मी वाचला: दहा वर्षं सगळे हक्क त्यांचे, चाळीतही दाखवायची नाही, प्रदर्शित करायचं बंधन मात्र त्यांच्यावर नाही.

"विकत घेऊन पुरून टाकतील," मी म्हटलं.

फिल्ममध्ये बिल्डरचं नाव घेणारे राजारामकाका अक्षताला म्हणाले, "चेडवा, पुढच्या महिन्यात चाळ खाली झाली की आम्ही कुठे नि तू कुठे! आधी आम्हाला दाखव."

अक्षताने सही केली नाही. रविवारी चौकात पडदा लावला. सगळी चाळ आली. बिल्डरची दोन माणसंही आली. पडद्याकडे पाठ करून ती बसलेल्यांचे चेहरे मोबाइलवर टिपत होती. राजारामकाकांचा त्यांनी दोनदा टिपला.