सर्व लेखकांची संमती

रत्नप्रभा तांडेल अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत सुक्या मासळीवर काम करायची. १९८९ साली तिथे ईमेल नुकतंच आलं होतं. तिच्या हाताखाली शिकलेली अनुपमा आता त्यांच्या लेखाची पहिली लेखिका होती. प्रयोग तिनेच केलेत हे ठाऊक असूनही रत्नप्रभाला ते सलत होतं.

लेखाच्या प्रती टपालाने जाणार होत्या, संपादकांना सोबतचं पत्र ईमेलने. अनुपमाने पत्राचा मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं: लेख कुठेही छापलेला नाही, दुसरीकडे पाठवलेला नाही, आणि सर्व लेखकांना तो मान्य आहे.

"मी कुठे मान्य केलाय?" रत्नप्रभा म्हणाली.

"मग नाही पाठवत, मॅडम. खोटं कसं लिहू?"

आता तिच्यावर चिडायलाही जागा उरली नाही. रत्नप्रभाने मसुदा पुन्हा वाचला.

"याच नियतकालिकाला का पाठवतोय, ते कुठाय? त्यांचे वाचक उष्ण प्रदेशात मासे टिकवण्यावर काम करतात. आपले बोंबील वाळवायचे प्रयोग त्यांच्या कामाचे आहेत, असं घाल."

"आणि संमती?"

"राहू दे ते वाक्य. मान्य आहे मला."

पत्र गेलं. अनुपमा आनंदाने हसली आणि रत्नप्रभाला लेखावरचं तिचं पहिलं नाव पुन्हा सललं.