एकतीस मार्चची ओळ

खैरझरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हेमलता टेंभुर्णेची खोली औषधभांडाराला लागून होती. तिथे एक संगणक होता, त्याच्यावर पांढरा रुमाल, आणि भिंतीवर तिने स्वतः छापून चिकटवलेला कागद: प्रलंबित नोंदी शून्य. तालुक्याच्या बैठकीत मागे पडलेल्या केंद्रांची नावं मोठ्याने वाचली जात. अकरा वर्षांत खैरझरीचं नाव एकदाही वाचलं गेलं नव्हतं. कंत्राटी नोकरीतल्या बाईला मिरवायला दुसरं फारसं काही नसतं. हेमलता हेच मिरवी.

तिचं काम ऐकायला सोपं होतं. गावोगावच्या गरोदर बायांची कार्डं नर्स हाताने भरत. कार्डावर जे असेल ते हेमलताने संगणकात चढवायचं. शेवटच्या पाळीची तारीख, त्यावरून बाळंतपणाची अंदाजे तारीख. मग प्रत्येक तपासणीची एक ओळ: तारीख, किती आठवडे भरले, वजन, बीपी, गर्भाशयाची उंची, सूज, लघवीत प्रथिनं आहेत का, रक्त किती. ज्या बाईच्या ओळीत धोक्याचा आकडा येई, तिचं नाव आपोआप जोखमीच्या यादीत जाई आणि दर महिन्याच्या नऊ तारखेच्या शिबिरात तिला डॉक्टरांसमोर बसवलं जाई.

नोंदी खरं तर नर्सच्या रजिस्टरवरून चढवायच्या. पण रजिस्टर नेहमीच मागे असे. म्हणून खैरझरीत एक पद्धत पडली होती. महिन्याच्या मध्यावर आशाताई आपापल्या गावातली कार्डं पिशवीत गोळा करून केंद्रावर आणत, हेमलता ती आठ-दहा दिवसांत तपासून परत पाठवी. कार्ड बाईजवळ असायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं, असंही सगळ्यांनाच वाटे.

बावीस एप्रिलला दुपारी तिने पिशवीतून दुर्गेश्वरी कुंभरेचं कार्ड काढलं. वय बावीस, पहिलटकरीण, पाळी अकरा ऑगस्टची. म्हणजे बाळंतपण अठरा मेच्या सुमारास. आज छत्तीस आठवडे आणि दोन दिवस.

कार्डावर तपासणीचे चारच रकाने होते आणि चारही भरले होते. त्यापुढचं नंदेश्वर सिस्टरने जागा मिळेल तिथे लिहिलं होतं. एकतीस मार्चची तपासणी लोहाच्या गोळ्यांच्या पानामागे. चौदा एप्रिलची थेट बाळाच्या वजनाच्या तक्त्यात, आडवी. कार्ड तीनदा उलटसुलट केल्याशिवाय सगळं सापडत नव्हतं.

हेमलताने नेहमीप्रमाणे आधी कोऱ्या कागदावर तारखेने ओळी लावल्या.

ऑक्टोबरात बीपी १००/६०, वजन चव्वेचाळीस. डिसेंबरात १००/६४. फेब्रुवारीत ११०/७०. तीन मार्चला ११८/७६, वजन एक्कावन्न. एकतीस मार्चला १३४/८६, साडेत्रेपन्न, लघवीत प्रथिनं किंचित. चौदा एप्रिलला १३८/८८, वजन सत्तावन्न, पायांवर सूज, प्रथिनांपुढे अधिकचं चिन्ह, रक्त ११.४.

ती नर्स नव्हती. पण हजारो ओळी चढवलेल्या माणसाला आकड्यांची चाल कळते. दोन आठवड्यांत साडेतीन किलो. गर्भाशयाची उंची मात्र तेहतीस आठवड्यांना तीस सेंटिमीटर आणि पस्तिसाला एकतीस. बाई वाढत होती, पोट वाढत नव्हतं.

तिने संगणकात दुर्गेश्वरीचं पान उघडलं. एकतीस मार्चची ओळ तिथे आधीच होती. बीपी १२०/८०. लघवीत प्रथिनं: नाही.

ते आकडे कुठून आले हे तिला लगेच आठवलं. दोन एप्रिलला रजिस्टर समोर होतं, सिस्टरने त्यात वजन लिहिलं होतं, बीपी आणि लघवीची जागा कोरी. बीपी टाकल्याशिवाय ओळ जतन होत नसे. लघवीला ‘तपासणी केली नाही’ असा पर्याय होता, पण तो निवडला की ओळ अपूर्णांच्या यादीत जाई. अशा वेळी १२०/८० आणि लघवीला ‘नाही’ टाकायचं, हे तिला आधीच्या ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. त्याला ते ‘नेहमीचं’ म्हणत.

तिने सिस्टरला फोन लावला. मागे बाळांचं रडणं होतं. लसीकरण चालू असावं.

“सिस्टर, दुर्गेश्वरी कुंभरे. चौदा तारखेचं बीपी बघितलं होतं ना तुम्ही?”

“मीच घेतलं, मी नाही बघणार तर कोण? एकशे अडतीस. एकशे चाळीस कुठे झालं होतं? उलट रक्त चांगलं वाढलं पोरीचं. साडेनऊवरून एकदम अकरा पॉइंट चार. गोळ्या खाते बिचारी.”

“पण सुरुवातीला शंभर होतं.”

“हेमा, तू डॉक्टरीण झालीस का आता? इथे साठ लेकरं रांगेत आहेत बाई. बीपी वाढलं असतं तर तुझ्या यादीत नाव आलं नसतं का?”

यावर हेमलताकडे उत्तर होतं. तिने गावच्या आशाताईंना, बिरजुलाबाई उईकेंना, फोन लावला.

“दुर्गेश्वरी? ती नाही जी इथे. माहेरी नेली तिच्या भावानं, सतरा तारखेलाच. पहिलं बाळंतपण ना.”

“कार्ड तर माझ्याकडे आहे.”

“मग? तुम्हीच मागवलं ना मॅडम. कार्डाशिवाय जाऊ नको म्हटलं मी, तर तिची सासू म्हणते, आता सगळं संगणकात असते.” बिरजुलाबाई हसल्या. मग म्हणाल्या, “काल दवाखान्यात नेलं होतं तिला तिकडे. डोकं दुखते म्हणे दोन दिवसांपासून. छातीखाली पण दुखते.”

“काय म्हणाले ते?”

“बीपी थोडं जास्त आलं, एकशे बेचाळीस का काय. पण त्यांनी संगणकात पाहिलं, तर आधीचं सगळं बरोबर. उन्हात चालून आली म्हणून वाढलं म्हणाले. पित्ताची गोळी दिली, आठ दिवसांनी या म्हणाले. काहून जी? काही झालं का?”

हेमलता उठली. कार्ड आणि कागद घेऊन ती बाह्यरुग्ण कक्षात गेली. डॉ. कापगते एका म्हाताऱ्याची छाती ऐकत होते. ती कधी मध्येच येत नसे, त्यामुळे त्यांनी मान वर केली.

“काय ताई, बंद पडला का तुमचा संगणक?”

तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वरून खाली वाचला आणि मग खालून वर. म्हाताऱ्याला हाताने थांबायला सांगितलं.

“ही आत्ता कुठे आहे?”

“माहेरी. साठ किलोमीटर. डोकं दुखतं, छातीखाली दुखतं. काल तिथल्या केंद्रात एकशे बेचाळीस भरलं आणि घरी पाठवलं.”

“डोळ्यांसमोर अंधारी?”

“विचारलं नाही मी.”

“हे रक्त वाढलेलं नाही ताई,” डॉक्टर रक्ताच्या ११.४ वर बोट ठेवून म्हणाले, “अंगातलं पाणी बाहेर झिरपतंय. सूज तीच आहे. रक्त नुसतं दाट झालं.” त्यांनी फोन उचलला. “तिच्या भावाला लावा. मी त्या डॉक्टरांशी बोलतो.”

भावाचा फोन तिसऱ्या वेळी लागला. दुर्गेश्वरी निजलेली होती. उजेड नको म्हणाली म्हणून खिडकी लावली होती. सकाळपासून तिला एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. आई म्हणत होती, दृष्ट लागली.

“तिला उठवून आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या,” हेमलता म्हणाली. “गाडी बघत बसू नका, असेल त्याच्यावर न्या. एकशे आठला मी सांगते, ती दवाखान्यातच येईल.”

“मॅडम, कालच तर नेली होती. ते म्हणाले सगळं ठीक आहे.”

“कालचं चूक होतं, दादा.”

टेबलापलीकडे डॉ. कापगते तिकडच्या डॉक्टरांशी बोलत होते. त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. त्यांनी फोनवर हात ठेवला.

“ते विचारतात, संगणकात एकतीस मार्चला १२०/८० आणि लघवी साफ आहे. तुम्ही १३४ आणि प्रथिनं म्हणता. खरं कोणतं? ते म्हणतात बीपी कधीपासून चढतंय ते सांगा, त्यावर ठरेल इथे ठेवायचं की सरळ जिल्ह्याला. कुणी मोजलं ते १२०?”

दारात पाच-सहा रुग्ण उभे होते. औषध देणारा लांजेवार खिडकीतून वाकून बघत होता. सिस्टरने रजिस्टर कोरं ठेवलं होतं, हे खरं होतं आणि सांगता आलं असतं.

“कुणी नाही मोजलं,” हेमलता म्हणाली. “रजिस्टर कोरं होतं. मी टाकलं.”

डॉक्टरांनी फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाले, “कार्डावरचं खरं. तीन आठवड्यांपासून चढतंय, प्रथिनं वाढतायत, बाळ खुंटलंय. झटके रोखायचं इंजेक्शन तयार ठेवा, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम. ठेवून घेऊ नका, तिथून पुढे पाठवा.” फोन ठेवून ते म्हणाले, “कार्डाचे फोटो पाठवा. सगळ्या पानांचे. आणि तो तुमचा कागद.”

म्हाताऱ्याला त्यांनी पुन्हा जवळ बोलावलं.

पाऊण तासाने निरोप आला. दवाखान्याच्या पायरीवर दुर्गेश्वरीला झटका आला होता. इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं, दिलं. त्या वेळी बीपी १७०/११० होतं. गाडी जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघाली होती. साडेपाचला बिरजुलाबाईंचा फोन आला: पोट फाडून मुलगी काढली, एक किलो सातशे, काचेत ठेवली आहे. दुर्गेश्वरी शुद्धीवर आली नाही अजून.

“येईल ना जी शुद्धीवर?”

“डॉक्टर तिथे आहेत,” हेमलता म्हणाली.

“भाऊ विचारतो, काल ठीक होती ती आज कशी बिघडली. मी काय सांगू त्याला?”

“माझा नंबर द्या. मी सांगते.”

तिने एकतीस मार्चची ओळ दुरुस्त केली: १३४/८६, किंचित. मग चौदा एप्रिलची नवी ओळ जतन केली. संगणकाने तिचं नाव, तारीख आणि वेळ नोंदवली आणि जुना आकडा रेघ मारून नव्याच्या खाली तसाच ठेवला. दुर्गेश्वरी कुंभरेचं नाव जोखमीच्या यादीत गेलं.

केंद्र रिकामं झालं होतं. लांजेवार कुलूप घेऊन दारात आला.

“ताई, निघायचं ना? तुमच्याकडे तर काही बाकी नसतं कधी.”

“पाच मिनिटं.”

तिने शोधाच्या चौकटीत १२०/८० लिहिलं, लघवीपुढे ‘नाही’ निवडलं आणि कालावधी टाकला: एक फेब्रुवारीपासून आजपर्यंत, बाळंतपण न झालेल्या बाया. पडद्यावर एकसष्ट नावं आली. त्यांतल्या काहींचं बीपी खरंच १२०/८० असणार. धडधाकट बाईचं असतंच. काही तिने टाकलेली होती. कोणती, हे ती सांगू शकत नव्हती. सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या, नीट, पूर्ण.

पिशवीत यांतली चौदा कार्डं होती. उरलेली सत्तेचाळीस गावांत होती किंवा बायांबरोबर माहेरी गेली होती. हेमलताने पहिलं नाव वाचलं: सातवा महिना, जांभूळटोला. तिने लांजेवारला चावी टेबलावर ठेवून जायला सांगितलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिने नावापुढे खूण केली आणि दुसरा लावला.