आईनं फक्त मलाच म्हटलेलं गाणं

रविवारी भाचीचं बारसं. मी आत्या, म्हणजे कानात नाव मी सांगणार आणि पाळणाही मीच म्हणणार. वहिनी म्हणाली, "ताई, तुमच्या आईंचाच म्हणा ना." माझा चेहराच पडला.

आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या गाण्याचे चारच शब्द मला आठवत होते: 'उगवे उजाला, चिठ्ठी ताली'. ती ते फक्त मला झोपवताना म्हणायची, धाकट्या भावाला कधीच नाही. लहानपणी काकूनं अर्थ सांगून टाकला होता, "घरात उजेड पडू दे, म्हंजे पोरगा होऊ दे, असं मागती ती." भाऊ झाला, गाणं थांबलं. मी तेच धरून बसले. असलं गाणं पोरीच्या पाळण्याला म्हणू? छे!

तरी राहवेना. चाकणला आमच्या कंपनीत चहाच्या सुट्टीत मी ते शब्द सगळ्यांना म्हणून दाखवले. मोबाइलवर शोधून झालं होतं, काही सापडलं नव्हतं. बिहारचा फिटर हसला, "उजाला हमारा है, लेकिन उगवे? ऐसे कोई नहीं बोलता." खरंच की! 'उगवे' मराठी, 'उजाला' हिंदी, आणि चिठ्ठीचा तर कशाशीच मेळ नाही. गाणं भलत्याच भाषेचं होतं आणि आम्ही ते आपल्या शब्दांत कोंबलं होतं!

कलबुर्गीची क्वालिटी इन्स्पेक्टरबाई म्हणाली, "परत म्हण. उजाला की उय्याला? आमच्यात उय्याले म्हणजे झोका."

झोका! म्हणजे पाळणा!

"पण पुढचं ताली?"

"तल्ली असेल. ते कन्नड नाही, आम्ही आईला ताई म्हणतो. तल्ली म्हणजे आई, पण तेलुगूत."

तेलुगू! आईचं माहेर सोलापूरचं, विणकरांच्या गल्लीतलं. शेजारपाजार सगळा तेलुगू. राव, इतकी वर्षं हे डोक्यातच आलं नाही!

मी वेल्डिंगकडे पळतच गेले. तेलंगणातल्या करीमनगरच्या दादांनी हेल्मेट वर केलं, दोनदा ऐकलं आणि माझ्याच चालीत म्हणून दाखवलं: "ऊगवे उय्याला, चिट्टी तल्ली." एकही मात्रा कमीजास्त नाही.

"अर्थ?"

"झूल, झोक्या, झूल. चिट्टी तल्ली म्हणजे छोटी आई. लाडानं म्हणतात."

"मुलाला पण म्हणतात?"

"नाही हो ताई. फक्त पोरीला."

मशिनी चालू होत्या, तिथेच उभी राहून मी ढसाढसा रडले आणि हसलेही. दादा बिचारे गडबडले.

रविवारी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि खणखणीत आवाजात म्हटलं. काकू पुढच्याच सतरंजीवर बसली होती. "हे तर उजेडाचं गाणं ना गं?" ती म्हणाली.

"नाही काकू," मी म्हटलं. "हे माझं गाणं आहे. आजपासून हिचं."